गरम पाण्याने धुतलं तर मशीन किती युनिट जास्त घेतं? आणि ड्रायरचा खर्च नेमका किती?

रेवा_०७

आमच्याकडे नवीन फ्रंट लोड मशीन आलंय, आत हीटर असलेलं. पॅनेलवर थंड, ३०, ४०, ६० आणि ९० असे पर्याय आहेत. घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, ४० च्या खाली कपडे नीट निघत नाहीत. नवरा म्हणतो, थंडच लाव, हीटर वीज खातो. पण "खातो" म्हणजे किती, हे दोघांनाही सांगता येत नाही. माहितीपुस्तिकेत एकाच प्रोग्रॅमचा आकडा दिलाय, बाकीच्यांचा नाही.

दुसरा प्रश्न ड्रायरचा. कपडे वाळत घालायला जागा कमी आहे, त्यामुळे वेगळा ड्रायर घ्यायचा विचार आहे. दर धुण्यामागे त्याची भर किती पडेल? आमचं एक धुणं साधारण ५ किलो कोरड्या कपड्यांचं असतं. विजेचा दर प्रत्येकाचा वेगळा, म्हणून उत्तर रुपयांत नको, युनिटमध्ये द्या. गुणाकार आम्ही करू.

झटपट

मशीन जितका वेळ फिरेल तितकी वीज जाणार, साधं आहे. दोन-अडीच तासांचे प्रोग्रॅम लावूच नका. १५ मिनिटांचा क्विक लावायचा आणि मोकळं व्हायचं. मी तेच करतो.

मीरा_कु

आमचं टॉप लोड आहे. गिझरचं गरम पाणी बादलीने ओततो. त्यात मशीनची वीज वाढत नाही, हे मी स्वतः मीटरवर पाहिलंय. मग फरक कुठे पडतो?

खटपट्या

रेवा, प्रश्न युनिटमध्ये विचारलात हे बरं केलंत. आधी धुण्याचं बघू, ड्रायरचं नंतर लिहितो.

पाणी तापवायला किती ऊर्जा लागते हे ठरलेलं आहे, त्यात कुठलीही कंपनी काटकसर करू शकत नाही. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. फ्रंट लोड मशीन मुख्य धुण्यासाठी १२-१३ लिटर पाणी घेतं आणि हीटर तेवढंच तापवतो. नंतरच्या खळबळण्याला पाणी थंडच असतं. आता त्या पाण्याबरोबर ५ किलो कपडे तापतात, स्टीलचा ड्रम तापतो आणि थोडी उष्णता बाहेर निसटते. हे सगळं धरलं की दर अंशाला सुमारे २० वॉट-तास पडतात. म्हणजे ५० अंश वाढवायला एक युनिट. हा एक हिशेब लक्षात ठेवला की पुरतो.

तुमच्या नळाचं पाणी २४ अंशांचं आहे असं धरू. ४० पर्यंत न्यायला १६ अंश चढवायचे, म्हणजे ०.३२ युनिट. ६० पर्यंत ३६ अंश, म्हणजे ०.७२. याखेरीज मोटर आणि पंप मिळून सबंध धुण्याला ०.१५ ते ०.२ युनिट घेतात आणि ते थंड लावलं तरी लागतातच. एकूण थंड धुणं पाव युनिटच्या आत, ४० ला अर्ध्या युनिटच्या आसपास आणि ६० ला एकाच्या थोडं खाली.

यात नळाच्या पाण्याचं तापमान फार महत्त्वाचं आहे. थंडीत तेच पाणी १२ अंशांचं आलं तर ४० च्या धुण्याला १६ ऐवजी २८ अंश चढवावे लागतील. प्रोग्रॅम तोच, तापवण्याची वीज पाऊणपट जास्त. उलट भर उन्हाळ्यात टाकीतलं पाणी ३२ वर असेल तर ३० चा पर्याय आणि थंड यात काहीच फरक उरत नाही, हीटर चालूच होणार नाही.

झटपट, वीज वेळेवर जात नाही, हीटर किती चालला यावर जाते. हीटर साधारण २००० वॉटचा असतो, मोटर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. फ्रंट लोडची मोटर तशीही सलग फिरत नाही, थोडी फिरते, थांबते, उलटी फिरते. म्हणून तीन तासांचा इको प्रोग्रॅम एक तासाच्या प्रोग्रॅमपेक्षा कमी वीज घेऊ शकतो. त्यात पाणी कमी तापवतात आणि ती कसर जास्त वेळ भिजवून भरून काढतात.

झटपट

पण माझं क्विक ३० अंशाचं आहे, म्हणजे कमीच घेणार की. वेळेचा काहीच संबंध नाही हे पटत नाही.

खटपट्या

दर वेळेला कमी घेतं, हे बरोबर. पण क्विकमध्ये कपडे किती घालायचे ते पुस्तिकेत पाहा. बहुतेक मशिनांत दीड-दोन किलोच असतात. पाच किलोचं धुणं तुम्हाला तीनदा लावावं लागेल. तीनदा पाणी, तीनदा तापवणं, तीनदा पिळणं.

ज्योत्स्ना_२

मीराताईंचा प्रश्न राहिला की. मलाही तोच पडलाय, आमचंही टॉप लोड आहे.

खटपट्या

मीराताई, मशीनची वीज वाढत नाही हे खरंच आहे, कारण तापवण्याचं काम गिझरने केलेलं असतं. मीटर घराचा एकच, त्यामुळे ती वीज गिझरच्या खात्यावर पडते. आणि टॉप लोडमध्ये ती जास्त पडते. कपडे पाण्यात तरंगावे लागतात, म्हणून टब भरायला ५० लिटरच्या आसपास पाणी लागतं. ते सगळं २४ वरून ४० वर आणायचं तर नुसत्या पाण्यालाच जवळजवळ एक युनिट. फ्रंट लोडच्या तिप्पट. दोन बादल्या गरम ओतून तुमचं सगळं पाणी ४० ला पोचत नसेल, तीसेक अंशांवर थांबत असेल, म्हणून खर्च मर्यादित राहतो. टॉप लोडमध्ये रोजचे कपडे थंड पाण्यानेच धुवावेत असं माझं मत आहे.

मीरा_कु

धन्यवाद. गिझर मीटरवर वेगळा पाहिलाच नव्हता. आता आठवड्यातून एकदाच गरम, तेही चादरी-पंच्यांना.

सौरपाणी

मी फ्रंट लोडच्या नळाला सौर हीटरची लाइन जोडलीय. पाणी फुकटचं गरम, मशीनच्या हीटरला आराम. रेवा, तुमच्याकडे सोय असेल तर हाच मार्ग.

प्लंबिंगवाला

सौरपाणी, तुमचं मशीन छतावरच्या टाकीपासून किती लांब आहे? मी हे काम करतो म्हणून विचारतोय. अर्ध्या इंची पाइपमध्ये दर मीटरला पावणेदोनशे मिलीच्या आसपास पाणी राहतं. २५ मीटरची लाइन असेल तर चार लिटरहून जास्त गार पाणी आधी मशीनमध्ये जातं. मशीनला धुण्यासाठी हवंय १२ लिटर. म्हणजे तिसरा हिस्सा गारच. बरं, पाणी घेऊन झालं की तेवढंच गरम पाणी पाइपात उभं राहून गार होतं. हेच गिझरने करत असाल तर ते उभं राहिलेलं पाणी विकतचं आहे, आणि मशीनच्या आतल्या हीटरपेक्षा महाग पडू शकतं.

दुसरं म्हणजे, एकच नळ असलेलं मशीन खळबळतानाही तेच गरम पाणी ओढतं. सौर असेल तर चालवून घ्या, पण गिझरवर नको. आणि पुस्तिकेत येणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादा लिहिलेली असते, ती बघा. भर दुपारी सौर टाकीतलं पाणी ७० च्या वर जातं. थंड पाण्यासाठी बनवलेला इनलेट व्हॉल्व्ह आणि होज त्याने खराब होताना मी पाहिलेत.

सौरपाणी

लाइन लांब आहे, दोन मजले. मिक्सर बसवलाय, पाणी ४० च्या वर जाऊ देत नाही. खळबळणं गरम होतं हे खरं, पण मला ते फुकट आहे. रक्ताचे वगैरे डाग असले की थंडचा कॉक उघडतो, नाहीतर डाग पक्के बसतात.

शंकर_पाटी

एक मुद्दा कुणी मांडला नाही. पाणी जड असेल तर हीटरवर क्षारांचा थर बसतो आणि मग मशीन दीडपट-दुप्पट वीज खातं. वीज वाचवायची असेल तर थंड-गरम सोडा, आधी क्षार काढा.

खटपट्या

शंकरराव, थर बसतो हे शंभर टक्के खरं. पण दीडपट वीज कशी होईल? हीटरची कांडी पाण्यात बुडालेली असते. तिच्यात निर्माण झालेली उष्णता थरातून हळू का होईना पाण्यातच जाणार, तिला दुसरी वाट नाही. त्यामुळे बिलात फरक नगण्य पडतो. नुकसान वेगळं आहे. उष्णता बाहेर पडायला अडथळा झाला की कांडी आतून फार तापते आणि एक दिवस जळते. मग कपडे "६०" वर धुतले तरी गारच निघतात. ओळखायची खूण सोपी आहे. मुख्य धुणं सुरू होऊन अर्धा तास झाला की दाराच्या काचेला हात लावा. गार लागली तर हीटर गेला. अशा वेळी बिल उलट कमी येतं, म्हणून बरेच दिवस कुणाच्या लक्षात येत नाही.

शंकर_पाटी

काचेची खूण करून बघतो. पण आमच्याकडे क्षार काढल्यावर बिल कमी झालं होतं, त्यामुळे तुमचं म्हणणं मी अजून पूर्ण मानत नाही.

अनुजा_नि

युनिटच्या नादात एक गोष्ट सुटतेय. मी वर्षभर सगळं थंडावर धुतलं. शेवटी मशीनलाच कुबट वास यायला लागला. दाराच्या रबरात काळी बुरशी आणि पावडरच्या कप्प्यात चिकट थर. थंड पाण्यात पावडर पूर्ण विरघळत नाही, त्यात कपड्यांचा तेलकटपणा मिसळतो आणि ते सगळं ड्रमच्या मागे साचतं. आता महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० वर चालवते. एका युनिटात वास जातो.

शिवाय मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. डॉक्टरांनी चादरी आणि उशांचे अभ्रे ६० वर धुवायला सांगितलेत, कारण धुळीतले माइट्स थंड पाण्यात मरत नाहीत. त्यामुळे "थंडच लावा" हे सरसकट सांगू नका.

केदार_म

अनुजाताई, पटलं. पण मग सगळं ४० वर धुणारे तरी काय मिळवतात? माइट्स ४० ला मरत नाहीत आणि रोजचे घामाचे कपडे थंडातही निघतात.

अनुजा_नि

डाग. तेलाचे, कॉलरचे डाग ४० ला जातात, थंडात राहतात. पावडरमधलं ऑक्सिजनचं ब्लीचही गार पाण्यात सुस्त असतं. पांढऱ्या कपड्यांवर फरक दिसतो.

केदार_म

मी लिक्विड वापरतो. आमचे कपडे थंडात स्वच्छ निघतात. कॉलर आधी घासून घेतो.

अनुजा_नि

लिक्विडमध्ये ते ब्लीच नसतंच, म्हणून तुम्हाला तापमानाचा फरक दिसत नसेल. पांढरे टॉवेल काही महिन्यांनी बघा.

रेवा_०७

सगळ्यांचे आभार, खूपच कामाचं निघालं. प्लगमध्ये लावायचा वीज मोजायचा मीटर शेजाऱ्यांकडून आणला आणि मोजलं. प्रत्येक वेळी साधारण ५ किलो कपडे. नळाचं पाणी स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरवर २४ अंश.

थंड: ०.१७ युनिट
४०: ०.४६
६०: ०.९५
६० इको: ०.६१

खटपट्यादादा, तुमचा हिशेब जवळजवळ तंतोतंत उतरला. पण ६० इकोचं कोडं सुटलं नाही. ६० म्हणजे ६०, मग वीज एवढी कमी कशी?

खटपट्या

फार छान मोजलंत. आता तुमचाच आकडा उलटा सोडवू. ०.६१ मधून मोटरचे ०.१७ वजा केले की उरले ०.४४. दर अंशाला २० वॉट-तास, म्हणजे पाणी २२ अंशच चढलं. २४ मध्ये २२ मिळवले की ४६. तुमच्या मशीनचं "६० इको" प्रत्यक्षात पंचेचाळीसच्या आसपास थांबतंय. बटणावरचा आकडा म्हणजे ६० ला धुतल्याइतकी स्वच्छता मिळेल असा दावा, पाण्याचं तापमान नव्हे. रोजच्या कपड्यांना चालेल. अनुजाताईंच्या चादरींना चालणार नाही, तिथे साधा ६०च लावायचा.

अनुजा_नि

अरे देवा, हे माहीतच नव्हतं. मी चादरी इकोवरच लावत होते. आजपासून बदल.

ज्योत्स्ना_२

ज्यांच्याकडे प्लगचा मीटर नाही त्यांनी काय करायचं?

प्लंबिंगवाला

घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा तासाभरासाठी. मग घराच्या मीटरचं धुण्याआधीचं आणि नंतरचं रीडिंग घ्या. मीटरवर दशांश दिसत नसतील तर त्यावरचा लाल दिवा मोजा, एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. प्लगचा मीटर घेणार असाल तर तो १६ अँपिअरचाच घ्या. हीटर सुरू झाला की स्वस्तातले छोटे मीटर वितळतात.

रेवा_०७

आता ड्रायरचं सांगा ना कुणीतरी. मूळ प्रश्नाचा अर्धा भाग तोच होता.

वैशाली_द

आमच्याकडे एकाच मशीनमध्ये धुणं आणि वाळवणं आहे. ८ किलो धुतं पण वाळवतं ५ किलोच, हे घेताना कुणी सांगितलं नाही. आठ किलो घातले तर चार तासांनीही कपडे ओलसर, चुरगळलेले आणि मध्ये गोळा झालेले. अर्धे काढून दुसऱ्यांदा लावावं लागतं. शिवाय आमच्या मशीनमध्ये वाळवतानाही पाणी जातं, वाफ गार करायला. वीज मोजलेली नाही, पण बिल जाणवण्याइतकं वाढलं.

खटपट्या

ड्रायरचा हिशेब कपड्यांच्या वजनावर होत नाही. कपड्यांत पाणी किती उरलंय, त्यावर होतो. तेव्हा सुरुवात मशीनच्या स्पिनपासून करावी लागते.

५ किलो सुती कपडे १००० फेऱ्यांवर पिळले तर त्यांत सुमारे ६० टक्के, म्हणजे ३ लिटर पाणी उरतं. १४०० वर पिळले तर ५० टक्क्यांच्या आसपास, अडीच लिटर. ८०० वर साडेतीन. आता एक लिटर पाण्याची वाफ करायला निसर्गनियमाप्रमाणे ०.६७ युनिट लागतात. साध्या हीटरच्या ड्रायरमध्ये कपडे, हवा आणि ड्रम तापवण्यात आणखी ऊर्जा जाते, म्हणून प्रत्यक्षात लिटरमागे एक युनिट किंवा थोडं जास्तच धरा.

रेवा, म्हणजे तुमचं धुणं १००० वर पिळून साध्या ड्रायरमध्ये टाकलंत तर तीन ते साडेतीन युनिट. ते तुमच्या थंड धुण्याशेजारी ठेवून पाहा, ०.१७. सासूबाई आणि तुमचे यजमान ज्या फरकावरून वाद घालतायत तो आहे ०.२९ युनिटचा. ड्रायर त्याच्या दहापट आहे.

हीट पंपाचा ड्रायर तेच काम साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी विजेत करतो, तीन लिटरला दीड युनिटच्या आसपास. दमट हवेतलं पाणी तो गार नळीवर काढून घेतो आणि त्यातून मिळालेली उष्णता पुन्हा कपड्यांकडे पाठवतो. पहिल्या ड्रायरमध्ये तीच उष्णता वाफेबरोबर वाया जाते. मात्र तो कमी तापमानावर चालतो, म्हणून वेळ जास्त लागतो.

केदार_म

म्हणजे १४०० चं स्पिन लावलं तर अर्धा युनिट वाचतं? आणि जास्त पिळायला लागणारी वीज?

खटपट्या

काही शतांश युनिट, त्याहून जास्त नाही. पाणी वाफेने काढण्यापेक्षा पिळून काढणं कितीतरी स्वस्त. ड्रायर असलेल्या घरात स्पिन ८०० वर ठेवणं म्हणजे दर धुण्याला एक युनिट सोडून देणं. नाजूक कपडे आणि सहज चुरगळणारे शर्ट तेवढे वेगळे काढा.

निवांत_दुपार

एक पुस्ती. ड्रायर घ्या, पण कपडे सरळ आत टाकू नका. दोरीवर चार-पाच तास ठेवून अर्धे वाळले की मग वीस-पंचवीस मिनिटं ड्रायर. तीनपैकी दोन लिटर पाणी हवाच घेऊन जाते. पावसाळ्यातही इतपत वाळतातच. आमची जागाही लहान आहे, पण अर्धवट वाळवायला कपडे दाटीने घातले तरी चालतं.

वैशाली_द

हे आजच करून बघते.

प्लंबिंगवाला

आणि प्रत्येक वेळी जाळी साफ करा. तंतू साठले की हवा फिरत नाही आणि ड्रायर तासन्‌तास चालत राहतो. तेच कपडे पूर्वी दीड तासात वाळायचे आणि आता दोन तास लागतात असं झालं, तर आधी जाळी आणि हवेची वाट बघा. वेळ लावून चालवायच्या ड्रायरपेक्षा ओलावा ओळखून थांबणारा घ्या. कपडे वाळल्यावरही फिरत राहिला तर वीज फुकट आणि कापडही झिजतं.

झटपट

हीट पंपवाला ड्रायर बराच महाग आहे. महिन्यातून पाच-सहा वेळाच लागणार असेल तर तो फरक कधी वसूल व्हायचा?

खटपट्या

हा मुद्दा मान्य. दर वेळी दीड-दोन युनिट वाचतात. महिन्याला सहा धुणी धरली तर दहा-बारा युनिट. रोज लागणार असेल तर हिशेब पटकन बसतो. क्वचित लागणार असेल तर साधा ड्रायर, जास्तीचं स्पिन आणि निवांतताईंची दोरी यांवर भागवता येईल.

निवांत_दुपार

मी ताई नाही हो, दादा आहे.

सौरपाणी

मी तर म्हणेन क्वचित लागणार असेल तरी हीट पंपच घ्यावा. साध्या ड्रायरच्या उष्णतेने आमच्याकडे दोन स्वेटर आटले. कपड्यांची किंमतही धरा.

रेवा_०७

काट्यावर वजन केलं. आज सुके कपडे ४.८ किलो होते, १००० वर पिळून ७.७ निघाले. म्हणजे २.९ लिटर पाणी. तेवढेच कपडे पुन्हा भिजवून १४०० वर पिळले तर ७.२. घरात ठरलं ते असं: रोजचे कपडे थंड, पांढरे आणि टॉवेल ४० वर, चादरी साध्या ६० वर. स्पिन कायम १४००. ड्रायरचा निर्णय अजून झालेला नाही, आधी महिनाभर निवांतदादांच्या पद्धतीने दोरीवर किती वाळतं ते बघणार आहोत. सासूबाई विचारतायत, १४०० वर रोज पिळलं तर कपडे लवकर विरतात का? कुणाचा अनुभव?

ज्योत्स्ना_२

आमच्या सुती साड्यांच्या घड्या कायमच्या पडल्या, विरल्या मात्र नाहीत. साड्या मी ८०० वरच पिळते. जीन्स आणि टॉवेलला काही झालेलं नाही.